दोन सेकंदांत पुढे ढकलला म्हणजे नावडला का? आमच्या शेती-व्हिडिओ फीडच्या कामाच्या नोंदी

निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यांसाठी आम्ही तिघे मिळून छोट्या व्हिडिओंचं एक अँड्रॉइड ॲप चालवतो. कोड माझ्याकडे. चित्रीकरण आणि शेतकऱ्यांशी फोनवर बोलणं ताईंकडे. एक विद्यार्थी आठवड्यातून तीन दिवस मदतीला येतो. सध्या ॲप 164 जणांच्या फोनमध्ये आहे आणि रोज साधारण नव्वद जण ते उघडतात. व्हिडिओ 412 आहेत, सगळ्यात लहान 7 सेकंदांचा आणि सगळ्यात मोठा 110 सेकंदांचा. सर्व्हरला महिन्याला 2,400 रुपये जातात.

लाइकचं बटण आमच्याकडे जवळजवळ कुणी दाबत नाही. त्यामुळे कुणाला काय दाखवायचं हे ठरवायला एकच गोष्ट हाताशी उरते: माणूस व्हिडिओवर किती वेळ थांबला आणि किती पटकन पुढे गेला. ही खूण नीट वाचायला आम्हाला अडीच महिने लागले. असंच काम करणाऱ्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी जशा घडल्या तशा देतो आहे.

9 जून 2025

पहिला नियम सोपा ठेवला. व्हिडिओच्या लांबीच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी पाहिला, तर ‘सरकवला’ म्हणून नोंद. त्या माणसासाठी त्या विषयाचे गुण कमी, आणि तो व्हिडिओ इतरांनाही कमी दाखवायचा. टक्केवारी घेतली म्हणजे लहानमोठे व्हिडिओ एका मापाने मोजले जातील, अशी माझी समजूत होती. अर्ध्या दिवसात लिहून झालं आणि संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर गेलं.

17 जून

आठ दिवसांत फीडचं रूप बदललं. ताईंनी फोन उघडून दाखवला: वरचे दहापैकी सात व्हिडिओ ट्रॅक्टरचे, प्रत्येकी आठ-नऊ सेकंदांचे. कांद्याच्या रोपातल्या मर रोगावर त्यांनी मेहनतीने केलेला 95 सेकंदांचा व्हिडिओ कुठेच नव्हता. रोपं टाकायचे दिवस हेच, आणि नेमका तोच व्हिडिओ गायब.

कारण हिशोबातच होतं. 10 सेकंदांच्या व्हिडिओला 20 टक्के म्हणजे 2 सेकंद. बोट पुढच्या हालचालीला तयार होईपर्यंत तेवढा वेळ जातोच. 95 सेकंदांच्या व्हिडिओला मात्र 19 सेकंद लागतात. नोंदी उघडल्या तर मर रोगाच्या व्हिडिओवर एक जण 17 सेकंद थांबलेला. बुरशीनाशकाचं नाव आणि प्रमाण त्या व्हिडिओत चौदाव्या सेकंदाला येतं. ते ऐकून तो पुढे गेला असावा, आणि आम्ही त्याच्या नावावर ‘कांदा नको’ असं लिहून ठेवलं होतं.

टक्केवारी काढून सगळ्यांना सरसकट 3 सेकंदांची रेषा लावली. इतर ठिकाणीही पहिल्या काही क्षणांकडेच लक्ष असतं. यूट्यूब स्टुडिओत शॉर्ट्ससाठी किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवून टाकलं, हा आकडा वेगळा दाखवतात. 31 मार्च 2025 पासून तर शॉर्ट सुरू झाला की लगेच एक व्ह्यू धरला जातो, म्हणजे नुसत्या व्ह्यूच्या संख्येवरून माणूस थांबला की नाही हे कळतच नाही.

21 जून

रोटाव्हेटरची पाती बसवण्याचा 8 सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. लोक तो व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवतात, दोघांनी फोन करून त्याबद्दल विचारलंही. तरी आमच्या नोंदीत सर्वाधिक पटकन सरकवल्या जाणाऱ्या व्हिडिओंत तो चौथा. विद्यार्थ्याने हे पकडलं.

दोघांनी बसून चाचणी घेतली. मी तो व्हिडिओ तीन वेळा पूर्ण फिरू दिला आणि चौथ्या फेरीच्या सुरुवातीला पुढे ढकलला. नोंद आली 1,140 मिलिसेकंदांची. आमचा व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो. मी पाहिलेला वेळ म्हणून प्लेअरचं `currentPosition` घेत होतो, आणि ते दर फेरीला शून्यावर येतं. म्हणजे पाती कुठल्या बाजूने बसतात हे समजून घ्यायला जो माणूस तीनदा पाहतो, तोच आमच्या लेखी सव्वा सेकंदात कंटाळलेला. आठ-दहा सेकंदांच्या व्हिडिओंत ही चूक सगळ्यात जास्त घडते, कारण तेच पुन्हा पुन्हा फिरतात.

24 ते 27 जून

वरची चूक दुरुस्त करताना दुसरी सापडली, आणि ती नेमकी उलट्या दिशेची निघाली. हातात स्टॉपवॉच घेऊन मी एक व्हिडिओ एका सेकंदात सरकवला. नोंद 9 सेकंदांची.

पुढचा व्हिडिओ अडखळू नये म्हणून आपण तो आधीच तयार ठेवतो. मी घड्याळ सुरू करत होतो ते प्लेअर `STATE_READY` झाल्यावर. पण पुढच्या पानावरचा प्लेअर आधीचा व्हिडिओ चालू असतानाच तयार होऊन बसतो. त्यामुळे त्याचं घड्याळ पडद्याआड चालू व्हायचं, आणि आधीच्या व्हिडिओवर घालवलेला वेळ पुढच्याच्या खात्यात जमा व्हायचा. चांगल्या व्हिडिओच्या मागे लागलेला कुठलाही व्हिडिओ त्याच्या जोरावर चांगला ठरत होता.

आता घड्याळ तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच चालतं: पान समोर आहे, पहिलं चित्र उमटलं आहे, आणि व्हिडिओ खरंच चालू आहे. यातली एकही तुटली की थांबतं आणि तोवरचा वेळ बेरजेत जातो.

```kotlin
private fun updateClock() {
    val run = isCurrentPage && firstFrame && player.isPlaying
    val now = SystemClock.elapsedRealtime()
    if (run && startedAt == 0L) startedAt = now
    if (!run && startedAt != 0L) {
        watchedMs += now - startedAt
        startedAt = 0L
    }
}
```

हे `onPageSelected`, `onRenderedFirstFrame` आणि `onIsPlayingChanged` या तिन्ही ठिकाणांहून बोलवायचं. फेऱ्या कितीही होवोत, बेरीज चालू राहते.

9 जूनपासूनच्या जवळपास 31 हजार नोंदी टाकून द्याव्या लागल्या. त्यांतून काही वाचवता येईल का, यावर दोन दिवस घालवले. वाचवता आलं नाही, कारण कुठल्या ओळीत कोणती चूक आहे हे मागाहून सांगता येत नव्हतं. असं काम करणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच राहील: नियम लिहिण्याआधी स्टॉपवॉच घेऊन वीस व्हिडिओ स्वतः पाहा, आणि वीसच्या वीस नोंदी हाताने ताडून बघा.

2 जुलै

घड्याळ नीट झाल्यावर एक नवी गोष्ट दिसली. सरकवलेल्या नोंदींपैकी 14 टक्क्यांत पाहिलेला वेळ चक्क शून्य. गोदाकाठच्या दोन वस्त्यांमधून त्या फार येत होत्या. तिथे रेंज अशी की पहिलं चित्र यायला पाच-सहा सेकंद लागतात. माणूस काळा पडदा आणि गोल फिरणारं चक्र बघतो आणि पुढे जातो. आमच्या हिशोबात शून्य सेकंद म्हणजे सर्वांत तीव्र नापसंती. त्या वस्त्यांवर सगळ्यांना सगळंच नकोसं आहे, असं चित्र तयार झालं होतं.

आता नोंदीचे तीन प्रकार केले आहेत: दिसलाच नाही, सरकवला, पाहिला. पहिल्या प्रकाराचा आवडीनिवडीशी संबंध तोडला. तो फक्त व्हिडिओ पोहोचवण्यातला दोष म्हणून मोजतो. चित्र चार सेकंदांहून उशिरा आलं आणि मग माणसाने पटकन सरकवलं, तर त्या सरकवण्याचं वजन निम्मं धरतो, कारण वाट पाहून वैतागलेला माणूस चांगल्या व्हिडिओलाही तेवढा वेळ देत नाही.

याच रांगेत आणखी एक. ॲप बंद करताना जो व्हिडिओ समोर असतो तो सरकवलेला नसतो. फोन वाजला, पाण्याची मोटर बंद करायला उठला, वीज गेली, काहीही असेल. `onStop` आल्यावर चालू असलेल्या व्हिडिओची नोंद आता ‘अपूर्ण’ म्हणून होते आणि ती कुठल्याच बाजूला धरली जात नाही.

6 जुलै

बोटाचा वेग मोजून पाहिला. कल्पना अशी की जोरात झटकलं तर जास्त नावडलं. `VelocityTracker` वापरून तीन दिवस नोंदी घेतल्या. पडदे वेगवेगळ्या घनतेचे असल्याने पिक्सेलमधला वेग ‘डीपी’त बदलून घेतला. तरी जे दिसलं ते व्हिडिओबद्दल काही सांगत नव्हतं. एकच माणूस आवडलेला व्हिडिओ संपवूनही तेवढ्याच जोरात ढकलतो. जाड स्क्रीनगार्ड असलेल्यांचा वेग वेगळा. शेतातून येऊन ओल्या हाताने फोन धरला की तोही वेगळा. हा नाद सोडला. यापुढे ‘वेग’ म्हणजे चित्र दिसल्यापासून सरकवण्याच्या क्षणापर्यंतचा वेळ, एवढाच अर्थ.

10 ते 14 जुलै

3 सेकंदांची सरसकट रेषाही नीट बसत नव्हती. 8 सेकंदांच्या व्हिडिओवर 3 सेकंद थांबणारा एक तृतीयांशाहून जास्त भाग पाहतो. 95 सेकंदांच्या व्हिडिओवर 4 सेकंद थांबलेल्याने विषय काय तो ऐकला आणि गेला. पण नोंदीत दोघांमध्ये मोठा व्हिडिओ पाहणारा वरचढ.

मोठे लोक हे कसं मांडतात ते बघायला कुआयरँड हा खुला डेटासंच उतरवून घेतला. चीनमधल्या कुआयशो या ॲपच्या 2022 मधल्या नोंदी त्यात आहेत. याच कंपनीचं ‘क्वाई’ ॲप आपल्याकडे टिकटॉकबरोबरच जून 2020 मध्ये बंद झालं होतं. प्रत्येक ओळीत `play_time_ms` आणि `duration_ms` स्वतंत्र दिले आहेत, म्हणजे लांबी आणि पाहिलेला वेळ आधीच एकमेकांत मिसळून टाकलेले नाहीत. `long_view` नावाचा रकाना आहे. व्हिडिओ 18 सेकंदांपर्यंतचा असेल तर तो पूर्ण पाहावा लागतो, त्याहून मोठा असेल तर 18 सेकंद पुरतात. म्हणजे लहान व्हिडिओला एक कसोटी आणि मोठ्याला दुसरी. `is_hate` हाही रकाना आहे, पण त्यात 1 फार क्वचित सापडतो. ‘नको’ असं बटण दाबून सांगणारे लोक तिथेही विरळाच.

त्यांचे आकडे आम्हाला उपयोगाचे नव्हते. रीत घेतली. व्हिडिओंचे लांबीप्रमाणे चार गट केले: 15 सेकंदांपर्यंत, 15 ते 30, 30 ते 60, आणि त्यापुढचे. प्रत्येक गटातल्या सगळ्या नोंदी पाहिलेल्या वेळेनुसार लावल्या आणि तळाच्या पाव भागाला ‘पटकन सरकवला’ म्हटलं. कुआयशोच्याच संशोधकांनी 2022 मध्ये लांबीचे गट पाडून त्यांच्या आत क्रम लावण्याची पद्धत मांडली होती, तिचंच हे आमच्या आवाक्यातलं रूप.

आमच्याकडे सर्वांत लहान गटात ही सीमा 2.1 सेकंदांवर आली आणि सर्वांत मोठ्या गटात 5.4 वर. मर रोगाचा व्हिडिओ आता मोठ्या व्हिडिओंशीच तोलला जातो, ट्रॅक्टरच्या नऊ सेकंदांशी नाही. तीन दिवसांत तो पुन्हा पहिल्या दहात दिसू लागला. ताईंनी लगेच त्याचा पुढचा भाग चित्रित करायला घेतला.

19 जुलै

ही नोंद मोठी आहे, कारण सगळ्या कामातला महत्त्वाचा धडा इथे मिळाला.

रोज सकाळचे लिलाव झाले की ताई वीस सेकंदांचा बाजारभावाचा व्हिडिओ टाकतात. पहिल्याच चित्रात तक्ता असतो: लासलगाव आणि पिंपळगाव, किमान, कमाल आणि सरासरी भाव, क्विंटलमागे रुपये. मागून त्या आवक किती झाली ते बोलतात. 16 तारखेपासून त्यांना फोन येऊ लागले. ‘ताई, भाव टाकायचं बंद केलंत का?’

बंद केलं नव्हतं. फीडने ते मागे टाकले होते. या व्हिडिओवर थांबण्याचा मधला वेळ 1.8 सेकंद. त्यांच्या गटाची सीमा याहून बरीच वर, म्हणून जवळजवळ प्रत्येक पाहणं ‘पटकन सरकवला’ ठरत होतं. रोज गुण घसरत गेले आणि आठवड्याभरात आधीच्या एक तृतीयांश लोकांनाच भाव दिसत होते.

माझी पहिली दुरुस्ती चुकीची होती. मी ताईंना सांगितलं, तक्ता पहिल्या चित्रातून काढा, आधी दोन वाक्यं बोला आणि दहाव्या सेकंदाला भाव दाखवा. त्यांना ते पटलं नव्हतं, पण दोन दिवस करून पाहिलं. थांबण्याचा मधला वेळ 9 सेकंदांवर गेला आणि व्हिडिओ पुन्हा वर आला. तिसऱ्या दिवशी एका तात्यांचा फोन. चाळीतला कांदा ट्रॉलीत भरून झालेला, लासलगावला जायचं की पिंपळगावला एवढंच ठरवायचं बाकी. ‘आधी एका नजरेत कळायचं. आता तुमचं बोलणं संपायची वाट बघावी लागते. गाडी उभी आहे माझी.’ त्याच संध्याकाळी तक्ता परत पहिल्या चित्रात आणला.

मग ताईंनी त्या आठवड्यात भाव पटकन सरकवलेल्या वीस जणांना फोन केले. सोळा बोलले. अकरा जणांचं उत्तर एकच: भाव दिसला, काम झालं. तिघे म्हणाले, दुपारनंतर उघडलं तेव्हा भाव आधीच दुसरीकडून कळलेला होता. दोघांना आठवत नव्हतं. भाव नको म्हणणारा एकही निघाला नाही.

म्हणजे दोन सेकंदांत सरकवण्याची निदान दोन वेगळी कारणं आहेत, आणि नुसत्या वेळेवरून ती वेगळी करता येत नाहीत. एकाला हवं ते मिळालेलं असतं, दुसऱ्याला हवं ते इथे नाही हे कळलेलं असतं. नोंदींत त्यांचा फरक शोधायचा तर एका व्हिडिओकडे पाहून चालत नाही, त्याच माणसाचे त्या प्रकारच्या व्हिडिओवरचे बरेच दिवस पाहावे लागतात. भाव पाहणाऱ्यांचा वेळ रोज तेवढाच राहतो: 1.7, 2.0, 1.8, 1.9. तक्ता वाचायला लागतो तेवढाच. शिवाय ते दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला ॲप उघडतात. खरंच नको असलेल्या विषयावर मात्र वेळ उतरत जातो. एका माणसाला आम्ही शेळीपालनाचे व्हिडिओ दाखवत होतो, त्याचे आकडे 3.2, 1.6, 0.9, 0.7 असे होते. सुरुवातीला तो काय आहे ते बघत होता. मग पहिलं चित्र ओळखून ढकलू लागला.

दोन बदल केले. भाव फीडच्या स्पर्धेतून पूर्ण काढले. आता ॲप उघडल्यावर वरच एक स्थिर पट्टी दिसते, त्यावर भाव. आणि ज्या व्हिडिओंत उत्तर पहिल्याच चित्रात लिहिलेलं असतं, त्यांना विद्यार्थ्याने हाताने `answer_first = 1` अशी खूण केली. असे 37 निघाले: हवामानाचा इशारा, फवारणीच्या प्रमाणाचे तक्ते, धरणाचा पाणीसाठा. त्यांच्यावरचं पटकन सरकवणं मोजत नाही. वीस फोन, एक दुपार आणि रिचार्जचे 299 रुपये. एवढ्या खर्चात जे कळलं ते महिनाभर नोंदी चाळूनही मला दिसलं नव्हतं.

28 जुलै

माणसागणिक सवय वेगळी असते. एक काका प्रत्येक व्हिडिओवर सहा सेकंद तरी थांबतात, न आवडलेल्यावरसुद्धा. कॉलेजातली मुलं दीड सेकंदात निवाडा करतात. गटाची एकच सीमा लावली तर काकांना सगळंच आवडतं आणि मुलांना काहीच नाही. म्हणून ज्याचे 50 हून अधिक व्हिडिओ पाहून झालेत, त्याच्यासाठी सीमा त्याच्याच नोंदींतून काढतो. तोवर गटाची.

लागोपाठ सरकवणंही पाहिलं. तीन व्हिडिओ एकामागून एक झटपट गेले की चौथ्याला बहुधा न बघताच ढकललं जातं. त्या चौथ्याचा दोष नसतो. तिथून पुढच्यांचं वजन निम्मं केलं आणि त्याऐवजी फीडला सांगितलं की तीन सलग गेले तर पुढचा व्हिडिओ वेगळ्या विषयाचा दे. हा बदल तासाभराचा होता आणि ज्यांना विचारलं त्यांना तो लगेच जाणवला.

4 ऑगस्ट

ताईंचा ठिबकच्या फिल्टर सफाईवरचा नवा व्हिडिओ सहा जणांना दिसला, चौघांनी पटकन सरकवला, आणि तो सातव्याला दिसलाच नाही. सरकवण्याचं प्रमाण 67 टक्के, म्हणून बाद. पण सहाजणांत चार हा योगायोगही असू शकतो. त्यातल्या दोघांकडे तर ठिबकच नाही.

आता प्रत्येक नव्या व्हिडिओला सुरुवातीलाच वीस काल्पनिक पाहणी देतो, आमच्या सरासरीइतकी सरकवलेली. सरासरी 30 टक्के आहे, म्हणून वीसपैकी सहा.

```
(4 + 6) / (6 + 20) = 10 / 26 ≈ 0.38
```

67 ऐवजी 38 टक्के. सरासरीहून वाईटच, पण संधी संपलेली नाही. खरी पाहणी शंभरावर गेली की त्या वीसचा प्रभाव आपोआप फिका पडतो. वीस हा आकडा मी दहा, वीस आणि पन्नास वापरून निवडला. पन्नासला खरोखर कंटाळवाणे व्हिडिओ फार दिवस रेंगाळत होते, दहाला फिल्टरसारखे लवकर मरत होते. फिल्टरचा व्हिडिओ पुढे ठिबक असलेल्यांपर्यंत पोहोचला आणि आता 22 टक्क्यांवर आहे.

12 ऑगस्ट

एका द्राक्ष बागायतदाराने जुलैमध्ये छाटणीचे व्हिडिओ सलग सरकवले होते. बरोबरच होतं त्याचं, खरड छाटणी एप्रिलमध्ये उरकलेली. पण आता गोडी छाटणीची तयारी तोंडावर आली तरी त्याला छाटणीचा एकही व्हिडिओ जात नव्हता. गुण इतके खाली की तो विषय त्याच्यासमोर येतच नाही, आणि समोर येत नाही म्हणून गुण सुधारत नाहीत.

सरकवण्याचं वजन आता दर 14 दिवसांनी निम्मं होतं. जुलैच्या मध्यातलं एक सरकवणं आज चौथ्या भागाएवढं उरतं. आणि दर दहा व्हिडिओंमागे एक जागा गुण न पाहता, चिठ्ठी काढल्यासारखी भरतो. कुआयरँडमध्येही 22 एप्रिल ते 8 मे 2022 या काळात नेहमीच्या फीडमध्ये यदृच्छेने निवडलेले व्हिडिओ घातले होते आणि त्यांची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहे. आम्हीही त्या जागेची नोंद वेगळी ठेवतो. फीडने स्वतः निवडलेल्या व्हिडिओंवरून फीड बरोबर आहे का हे तपासता येत नाही, ते फक्त या दहाव्या जागेवरून कळतं.

पहिल्या दोन दिवसांत दहाव्या जागेवरचे व्हिडिओ इतरांपेक्षा जास्त सरकवले गेले. ते अपेक्षितच होतं. पण अकरा जण तिथे अशा विषयावर शेवटपर्यंत थांबले जो त्यांच्या नावापुढे आम्ही जवळजवळ बंद करून टाकला होता. तो बागायतदार त्यांपैकी एक.

24 ऑगस्ट

सध्या एक सरकवणं मोजण्याआधी हे प्रश्न विचारले जातात: चित्र उमटलं होतं का, ॲप बंद होताना तर नव्हतं ना, हा व्हिडिओ या माणसाने पूर्वी पूर्ण पाहिलेला आहे का (पाहिला असेल तर सरकवणं मोजत नाही), उत्तर पहिल्याच चित्रात आहे का, आणि ते सलग सरकवण्यांतलं चौथं-पाचवं तर नाही ना. यातून गाळून जे उरतं ते सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी आहे. उरलेल्यातही एका सरकवण्याचं वजन शेवटपर्यंत पाहण्याच्या एक तृतीयांश ठेवलंय. सुरुवातीला दोन्ही समान होती, तेव्हा फीड एका सकाळीत पालटायचं.

खर्च: तीन महिन्यांचा सर्व्हर 7,200 रुपये, चाचणीसाठी घेतलेला जुना कमी मेमरीचा फोन 3,500, रिचार्ज 299. वेळ माझा साधारण 140 तास, त्यातले तीसेक घड्याळाच्या दोन चुकांत गेले.

एक गोष्ट सुटलेली नाही. बऱ्याच घरांत दिवसा फोन वडिलांकडे असतो आणि रात्री मुलाकडे. वडिलांनी दिवसभर कांदा आणि द्राक्ष पाहिलेलं असतं, मुलगा रात्री तेच दीड सेकंदात ढकलतो आणि सकाळी वडिलांच्या फीडमधून कांदा कमी झालेला असतो. संध्याकाळी सातच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या ठेवून बघायचं ठरवलं आहे. ताई अशी पंधरा घरं शोधत आहेत, आठ मिळाली आहेत. सोमवारपासून त्यांच्या फोनवर ही वाटणी चालू करतो.